सुदामचं खरं वय

बेलवलीतल्या फ्लॅटसाठी सुदामने बिल्डरला दहा हजार टोकन देऊन टाकलं होतं. महिनाअखेर कर्ज मंजूर झालं नाही तर ते बुडणार होतं. साल चौऱ्याण्णव. म्हणून अंबरनाथच्या रंगाच्या फॅक्टरीतून सुट्टी टाकून तो बायकोला, रखमाला घेऊन उल्हासनगर कॅम्प दोनच्या बँकेत शंकररावांसमोर बसला. शंकरराव कर्ज बघायचे. माणूस भला, आणि भल्या माणसाला समजावून सांगायची फार हौस.

त्यांनी सगळं फोडून सांगितलं. एक लाख, पंधरा टक्के. व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या बाकीवर. त्यामुळे जास्तीचे पैसे भरायचे तर मार्चमध्ये भरा, एप्रिलमध्ये भरलेत तर वर्षभर व्याज तेवढंच. वर मुदतीआधी फेडलंत म्हणून दोन टक्के दंड. सुदामने विचारलं, लवकर फेडलं तर दंड कसला? शंकरराव म्हणाले, बँकेचं बुडालेलं व्याज कोण देणार?

मुदत मात्र रिटायरमेंटपर्यंतच. कंपनीच्या कागदावर सुदाम पन्नासचा, अठ्ठावन्नला घरी. म्हणजे आठ वर्षं. हप्ता अठराशे सत्तावन्न. पगार एकोणचाळीसशे, आणि पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या वरचा हप्ता बँकेत चालत नाही.

"साहेब, हे शेहेचाळीसचेच आहेत," रखमा म्हणाली. "चौदाव्या वर्षी कामाला लागले. अठरा लावल्याशिवाय घेत नव्हते."

शंकररावांचा चेहरा उजळला. बारा वर्षं. हप्ता पंधराशे सदतीस. चपखल. एकूण दोन लाख एकवीस हजार जातील, पण घर होईल. शाळेचा दाखला आणा, मी कंपनीला पत्र टाकून खात्री करून घेतो, ते म्हणाले. सुदामने दाखला आणला. शंकररावांनी पत्र टाकलं.

कंपनी दोन वर्षं माणसं कमी करायला निमित्त शोधत होती. हे पोस्टाने घरपोच आलं. चौकशी झाली, चहा गार व्हायच्या आत संपली. बँकेला उत्तर गेलं : चव्वेचाळीस साली जन्मलेले सुदाम आमच्याकडे होते, खोट्या माहितीबद्दल त्यांना काढलं आहे. अठ्ठेचाळीस साली जन्मलेल्या सुदामला आम्ही कधी कामावर घेतलेलं नाही.

तीस तारखेला दोघं परत बँकेत. शंकररावांनी फाईल उघडून दाखवली. वय मंजूर, मुदत मंजूर, हप्ता बरोबर. फक्त पगाराचा रकाना रिकामा.

सुदामने त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"साहेब, परत पन्नासचाच झालो तर?"

"नोकरी त्याचीच गेलीय ना, सुदामराव," शंकरराव हळूच म्हणाले. "शेहेचाळीसवाल्याला तर नव्हतीच."

रखमाने दाखला घडी करून पिशवीत टाकला. बिल्डरचं ऑफिस सहाला बंद व्हायचं.