तिरप्या सऱ्या

खालचं शेत म्हणजे घरजावई होतं. खायला पुढे, द्यायला मागे. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडत की फावड्याचा दांडा आत जाईल, आणि पावसाळ्यात त्याच काळ्या मातीचा असा चिखल होई की पाय वर यायचा आणि चप्पल खालीच राहायची. सोयाबीन पिवळं पडून मुळाशी कुजायचं.

"वहिनी, हा शेवटचा हंगाम," दिराने जेवताजेवता सांगून टाकलं. "यंदा बुडालं, तर मुरूम टाकून गोदामवाल्याला भाड्याने देतो. चिखल तुडवायचा ठेका घेतलाय का आपण?"

वहिनीने ताट बाजूला सारलं. नवरा ट्रकवर, शेत तीच बघायची. मुरूम पडला की ती जमीन कायमची मेली, एवढं तिला कळत होतं.

"भाऊजी, पाणी जास्त होत नाही. पाण्याला जायला वाट नाही," ती म्हणाली. "पेरायला रुंद, उंच वरंबे घालू. मध्ये पाणी जायला सऱ्या."

"गेल्या साली घातले की! काय उजेड पडला?"

"बांधाला समांतर घातले. बांध आपल्या आजोबांनी भांडून घातलाय, उतार बघून नाही. पाणी मधेच साचलं, वरंबा फोडून गेलं."

हे खरं होतं म्हणूनच तो चिडला. जमिनीला नाठाळ म्हणणं सोपं असतं. आपण तिच्या अंगावर चुकीच्या रेघा मारल्या, हे कबूल करायला छाती लागते, आणि ती आपल्याकडे पुरुषांना उशिरा येते.

रब्बीची काढणी झाल्या झाल्या, मातीत थोडी ओल होती तेव्हाच ती कामाला लागली. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन काठ्यांना बांधली. एक काठी सासूबाईंकडे.

"हलू नका हं, आई."

"तुझ्या सासऱ्यापुढे हलले नाही, तुझ्यापुढे हलेन होय?"

नळीतलं पाणी खोटं बोलत नाही, दोन्ही टोकांना एकाच पातळीत उभं राहतं. शंभर मीटरला साधारण अर्धा मीटर उतार मिळेल, अशी खुंट्यांची रांग तिने आखली. याहून कमी असता, तर पाणी साचलं असतं. जास्त असता, तर माती घेऊन पळालं असतं. मधला खळगा आधी भरून काढला. सगळ्या सऱ्यांची तोंडं जिथे सुटतील असा चर खालच्या कडेला खणला आणि त्यात गवत लावलं, म्हणजे ओढ्याकडे जाताना पाणी चर कापणार नाही.

खुंट्या बांधापासून तिरप्या निघाल्या. कोपऱ्यात जमिनीची तिकोनी पाचर उरली.

"पिऊन आखलंय का?" ट्रॅक्टरवाला हसला.

"मी नाही. पण चालव तू शुद्धीत."

मीटरभर रुंद वरंबा, त्याला लागून अर्ध्या मीटरची सरी, पुन्हा वरंबा. पावसाआधीच कोरड्यात पेरलं. पहिल्या पावसाचं पाणी भेगांनी गटागटा प्यालं. मग माती फुगली, भेगा मिटल्या, आणि खरी परीक्षा सुरू झाली.

पावसाळ्याच्या मधल्या महिन्यात झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी शेतावर पोचली. खालच्या टोकाला सऱ्या काठोकाठ तुंबल्या होत्या. वरंब्यावर पाणी चढायला बोटभर अंतर.

दीर मागोमाग आला होता. "झालं? बोलवू गोदामवाल्याला?"

ती सरीतूनच, वरंब्याला पाय न लावता, टोकापर्यंत गेली. उतार बरोबर होता. पाणी इथवर आलं होतं. पण ट्रॅक्टरवाल्याने वळताना नांगर उचलला तिथे मातीचा ढिगारा राहिला होता, प्रत्येक सरीच्या तोंडाशी आडवा. पेरणीनंतर तोंडं तपासायची तिच्याकडूनही राहून गेली होती. तिने स्वतःलाच एक शिवी हासडली.

"बघत काय उभे राहिलात? फावडं घ्या!"

दिराने फावडं उचललं. मग धोतर खोचल्यागत पँट गुडघ्यावर ओढली आणि भिडला. पहिलं तोंड फुटलं. तुंबलेलं पाणी शहाण्यासारखं, न धावता, गवती चरात उतरलं. दुसरं. तिसरं. दोघं चिखलाने माखले. दुपारपर्यंत वरंबे कासवांच्या पाठींसारखे पाण्याबाहेर उभे होते. बांधापलीकडे शेजाऱ्याचं शेत मात्र तळं झालं होतं.

नंतर पावसाने दडी मारली. वरंब्यावर केसासारख्या भेगा दिसताच तिने उथळ कोळपणी केली. भुसभुशीत मातीने भेगा बुजल्या, ओल आत राहिली, मुळं तुटली नाहीत.

शेंगा भरल्या तेव्हा गोदामवाला बांधावर मोटारसायकल लावून उभा. दिराने एक झाड उपटलं. पांढरीशुभ्र मुळं, निरोगी गाठींनी लगडलेली, कुजण्याचं नाव नाही.

"काय ठरलं मग, मुरूम टाकायचा?" गोदामवाल्याने विचारलं.

"टाक की, तुझ्या घरात!" दीर गरजला. "इथे चाक घातलंस तर याद राख!" आणि वळून ओरडला, "वहिनी, ती नळी कुठाय? वरच्या शेताचा बांधही मला वाकडाच दिसतोय!"

वहिनी इतकी मोठ्याने हसली की दोन शेतं पलीकडच्या बायकांनी माना वर केल्या.