रोजचा एक चमचा

माझ्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी, आमच्या ह्यांच्या लघवीचा कॅन ठेवलेला होता आणि घरात सगळे त्याला त्याग म्हणत होते.

थोरल्या नणंदेच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ताईंना डायलिसिसच्या मशीनवर घालायचे. तिथून आल्या की पिळून काढलेल्या फडक्यासारख्या सोफ्यावर पडून राहायच्या. ह्यांनी त्यांच्या उशाशी बसून, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत छातीवर हात मारून सांगितलं होतं, "ताई, मी असताना तू काळजी करायची नाहीस. माझी किडनी तुझी." पाहुणे रडले. धाकटी नणंदही तयार होती, तिचा रक्तगट जुळत होता. पण हे म्हणाले, "तू पोरगी, तुझं अंग ते केवढं. मी आहे ना." झालं, धाकटीला बाजूला बसवलं.

आमच्या ह्यांची जिम आहे. तिथले लोक ह्यांना पहाड म्हणतात. मान आणि डोकं एकाच जाडीचं. मी तिथलं काउंटर सांभाळते, त्यामुळे क्रिएटिनच्या पावडरीवरचं ह्यांचं कीर्तन मला तोंडपाठ आहे. नवीन आलेला प्रत्येक हौशी विचारतो, दोन चमचे घेतले तर दुप्पट ताकद येईल का? मग हे सुरू होतात. "क्रिएटिन स्नायूंत साठतं. साठ्याची टाकी असते असं समज. त्यातलं रोज शंभरात जेमतेम दोन भाग आपोआप क्रिएटिनिन होतं. ते परत क्रिएटिन होत नाही, रक्तात येतं आणि लघवीवाटे जातं. म्हणजे रोजची गळती दोन-तीन ग्रॅमची. थोडं शरीर स्वतः बनवतं, थोडं खाण्यातून मिळतं. टाकी एकदा भरली की गळतीपुरता रोज एक चमचा घाल. जास्त घातलंस तर टाकी घेत नाही, पैसे संडासात जातात." हे सगळं खरं आहे. माणूस खोटा असला तरी त्याचं कीर्तन खरं असू शकतं, हे मला नंतर कळलं.

पहिल्या तपासणीत ह्यांचं क्रिएटिनिन हद्दीच्या थोडं वर निघालं, म्हणजे किडनीवर संशय. किडनीच्या डॉक्टरबाईंनी ह्यांच्या दंडांकडे बघितलं आणि विचारलं, "पावडर घेता का?" हे अभिमानाने हो म्हणाले. बाई म्हणाल्या, "मग घाबरू नका. जेवढा साठा मोठा, तेवढं रोजचं क्रिएटिनिन जास्त. किडनी चांगली असूनही आकडा वर दिसतो. पावडर पूर्ण बंद करा. साठा हळूहळूच उतरतो, चार दिवसांत नाही. दीड महिन्याने परत या. रक्त तपासू आणि पूर्ण चोवीस तासांची लघवी गोळा करून आणा."

मी मान डोलावली. ह्यांनीही डोलावली. पण गाडीत बसल्यावर हे एकदम म्हणाले, "आकडा वर राहिला तर ते माझी किडनी घेणार नाहीत, नाही का?" मला वाटलं, बिचाऱ्याला बहिणीची काळजी लागून राहिलीय.

त्यानंतर ह्यांचं पोट बिघडलं. एक दिवस नाही, रोज. सकाळी संडासात शिरले की अर्धा तास बाहेर नाही, आणि बाहेर आले की पुढच्या माणसाने नाक धरून आत जावं. आमचं घर दोन खोल्यांचं, वास जाणार कुठे? मी ताक दिलं, केळी दिली. हे म्हणायचे, "बाहेरचं काहीतरी बाधलं असेल." मी विचारलं, "रोज?" तर पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपले.

एक दिवस संडास घासायला बसले. हेही काम माझंच, पहाडाला वाकवत नाही. पाण्याच्या टाकीमागे हात घातला तर पावडर ढवळायचा ह्यांचा शेकर हाताला लागला. झाकण उघडलं. तळाला पांढरा गाळ, वर कसलीशी साय, आणि एक मेलेलं झुरळ. धुण्याच्या साबणाच्या खोक्यात पावडरीचा डबा होता. नवा कोरा डबा, मीच दहा दिवसांपूर्वी काउंटरवर मोजून ठेवलेला. रोज एक चमचा घेतला असता तर दोन महिने पुरला असता. तो तळाला गेला होता.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. बंद करायला सांगितलेली पावडर चोरून घेतली, एवढंच असतं तर हाव म्हणून सोडून दिलं असतं. पण टाकी भरली की एका चमच्याच्या वर काही मावत नाही, हे ज्याने सगळ्या गावाला शिकवलं, तो पाच-सहा चमचे ढोसत होता. म्हणजे ताकदीसाठी नव्हे. मग कशासाठी? गाडीतला प्रश्न आठवला आणि मला माझ्या नवऱ्याची जेवढी शिसारी आली तेवढी त्या संडासाचीही आली नव्हती.

मी शेकर होता तिथेच परत ठेवला. कॅन भरायचा दिवस आला. हे दिवसभर त्यात धार सोडत होते आणि झाकण लावून कॅन माझ्या फ्रिजमध्ये ठेवत होते. दुपारी धाकटीने फोन करून विचारलं, "वहिनी, दादा किती सोसतोय ना गं?" मी म्हटलं, "हो, फ्रिजपण सोसतोय."

दोन-तीन दिवसांनी निकालाला गेलो. डॉक्टरबाईंनी ह्यांना विचारलं, "बोलायचंय ते एकट्याशी बोलू, की ह्या बसल्या तर चालतील?" हे म्हणाले, "बसू दे की." ह्यांना वाटलं, आता नकार मिळणार आणि साक्षीदार बरा.

बाईंनी कागद पुढे सरकवला. "तुम्ही पावडर बंद केली असती तर दीड महिन्यात आकडा खाली आला असता. तो जागचा हलला नाही. म्हणजे चालू आहे. आणि वाढवली असेल, तर त्याचा उपयोग झालेला नाही. शरीर क्रिएटिनचं क्रिएटिनिन आपल्या चालीने करतं, साठ्याच्या प्रमाणात. तुम्ही वरून कितीही ओता, भरलेला स्नायू ते घेत नाही. ते तसंच्या तसं लघवीत उतरतं, नाहीतर पोट बिघडवतं. पोट बरं आहे ना?"

ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी तो पुसायला रुमाल दिला नाही.

"मी आणखी एक तपासणी केली," बाई म्हणाल्या. "तिचा स्नायूंशी किंवा पावडरीशी संबंध नसतो. तुमच्या किडन्या उत्तम आहेत. आता मला एकच सांगा. तुम्हाला द्यायची आहे का? नको असेल तर तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. घरच्यांना मी एवढंच कळवेन की तुम्ही दाते होऊ शकत नाही. कारण सांगणार नाही."

आणि तो एवढा मोठा देह हमसून हमसून रडायला लागला. "मला नाही द्यायची. मला भीती वाटते. पोट फाडतात हो."

खरं सांगते, त्या घडीला माझा राग उतरला. किडनी म्हणजे काय वाटीभर साखर आहे, शेजारणीने मागितली आणि दिली? भीती कुणाला वाटत नाही? घाण वाटली ती त्या शेकरची, त्या कॅनची, आणि आम्हा सगळ्यांना दिवसेंदिवस गुंगवून ठेवल्याची. पण मी ठरवलं, गप्प बसायचं. नाही म्हणाले ना, मग आता धाकटीचा मार्ग मोकळा. येताना मी ह्यांना एवढंच बजावलं, "ताईंना सांगा, डॉक्टर नाही म्हणाले. त्याच्यापुढे एक अक्षर बोलू नका."

संध्याकाळी ताईंकडे गेलो. धाकटी आधीच येऊन बसली होती, ताईंचे पाय चेपत. हे आत शिरले, खुर्चीत धप्पकन बसले आणि डोकं धरलं.

"नाही म्हणाले," हे बोलले. ताईंनी डोळे मिटले. तिथे थांबले असते तर काय बिघडत होतं? पण सवय. खोलीत चार डोळे आपल्यावर लागले की ह्यांना थांबवत नाही. "माझंही क्रिएटिनिन वर आहे, ताई. दोनदा तपासलं. आपल्या रक्तातच दोष आहे. आज तुझ्या किडन्या गेल्या, उद्या माझ्या."

ताई धडपडत उठल्या. स्वतःला धड बसता येत नाही अशी बाई, तिने ह्यांच्या केसांतून हात फिरवला. "अरे देवा. तू स्वतःला जप रे. माझं काय, माझं झालं जगून." मला म्हणाल्या, "याच्या जेवणात मीठ कमी घाल आजपासून." आणि हे, माझा नवरा, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून गोंजारून घेत होते. डोळे मिटून. त्यांना बरं वाटत होतं. ते चेहऱ्यावर दिसत होतं.

मग मी धाकटीकडे बघितलं. तिने ताईंच्या पायांवरचे हात काढून घेतले होते. दोन्ही तळवे स्वतःच्या कमरेवर मागे ठेवून बसली होती. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "दादासारख्या माणसाची ही गत, तर मग माझ्यापण... मला दोन लहान पोरं आहेत गं." ताईंनी ते ऐकलं. लगेच म्हणाल्या, "तू नाही हं. तुला मी करूच देणार नाही. घराण्याचा दोष म्हटल्यावर कशाला?"

एका वाक्यात माणसाने दोघींना संपवलं होतं, आणि हे अजून मांडीवरच.

"ह्यांच्या किडन्या उत्तम आहेत," मी म्हणाले.

ह्यांनी डोळे उघडले. मी पुढे सांगत गेले. एक चमचा पुरत असताना हे सहा कसे ढोसत होते, संडासातल्या टाकीमागचा शेकर, दीड महिन्यात उतरायला हवा होता तो आकडा का उतरला नाही, आणि वेगळ्या तपासणीत काय निघालं. "दोष रक्तात नाही. ह्यांना भीती वाटली. भीतीचं मी काही म्हणत नाही. पण किडनीला नावं ठेवू नका, ती बिचारी इमानदार आहे."

हे ताडकन उठले. "बायको आहेस की वैरीण?" ताईंनी हात वर करून ह्यांना थांबवलं. 

"नाही म्हणाला असतास तर मी एक शब्द बोलले नसते रे," त्या म्हणाल्या. "हिला का घाबरवलंस?"

 धाकटी पदराशी चाळा करत बसली होती. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असतं का?"

"डॉक्टरबाईंना विचारू," मी म्हटलं. "सकाळी मी येते तुझ्याबरोबर. आणि कॅन तुझ्या फ्रिजमध्ये ठेवायचा."

ताई रडत होत्या, धाकटी त्यांना पाणी पाजत होती. मी चपला घालून जिन्यात आले. हे मागोमाग आले, दोन पायऱ्या वर थांबले. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील. आत जाऊन बहिणीचे पाय धरतो म्हणतील, माझं चुकलं म्हणतील, निदान माझ्यावर ओरडतील.

हे खाली वाकले आणि आतल्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे आता मला परत हॉस्पिटलात बोलावणार नाहीत ना?"