उदाहरण म्हणून दाखवू नये

संगणकाच्या पडद्यापासून चार बोटांवर ईशानीचं नाक.

बनारसच्या बालाजी घाटाकडच्या गल्लीत बैल आडवा, म्हणून सेक्शन ऑफिसर बिंदुमाधव धर्माधिकारींना उशीर.

मृणालिनीच्या कागदावरची पहिली ओळ, "विषय : अक्षरं मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राची खरेदी."

बिंदुमाधव आले, गालात पान.

इथवरची सारी एकाच सकाळची गोष्ट. केंद्र सरकारच्या त्या कार्यालयात ईशानी अनुवादक होती आणि तिची नजर वर्षभर उतरत चालली होती. यंत्र आलं नाही तर तिला जावक विभागात, पाकिटं चिकटवायला पाठवायचं, असं कार्यालयप्रमुख साहेबांच्या मनात होतं. यंत्राच्या मंजुरीसाठीची टिप्पणी मृणालिनीची. ती बदलीवर नागपूरहून आलेली, अक्षर सुरेख, घाई फार. गरज, सरकारी पोर्टलवरची उपलब्धता, निधीची तरतूद, सगळं मुद्देसूद मांडून तिने दोन जुन्या मंजुऱ्यांचे दाखले दिले. जुन्या फाइलींच्या सूचीत विषय दिसले आणि तिने ते उतरवून घेतले. फाइली काही उघडल्या नाहीत.

लेखा शाखेने उघडल्या. दोन्हींत साहेबांच्या सहीच्या वर एकच ओळ होती : विशेष बाब म्हणून मंजूर, हे पुढे उदाहरण म्हणून दाखवू नये. टिप्पणी परत आली.

"मॅडम, तुम्ही तर लेखावाल्यांना आयतंच दिलंत," बिंदुमाधव म्हणाले. बनारसी मराठी, निम्मी हिंदी. "आता साहब बोलतील, नजीर, म्हणजे दाखलाच नाही, तो काहे को सही करूँ?"

"दाखले काढूनच टाकते."

"मग उरतं काय?"

मृणालिनीने लेखा शाखेतून फाइली आणवल्या. दोन्ही फाइली दुपारभर वाचत राहिली. त्यांतले दोघंही कर्मचारी अपंग होते, दोघांनाही साधन उपकार केल्यासारखं दिलं होतं. तिने टिप्पणी नव्याने लिहिली : दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यासाठी पूर्वीच्या मंजुरीची गरज नाही. शेवटी एक वाक्य जोडलं : प्रस्ताव नामंजूर झाल्यास कारणे नोंदवावीत.

बिंदुमाधवांनी चष्मा कपाळावर चढवला. "ही तर धमकी झाली हो!"

"विनंती आहे. शेवटी 'मान्यतेस्तव सादर' लिहिलंय ना."

"तुमचं नागपूर लय तिखट," म्हणत त्यांनी सही ठोकली आणि फाइल वर सरकवली.

ईशानीने विचारलं, "मृणालिनीताई, झालं का काही?"

"वर गेलीय."

"वर म्हणजे साहेबांकडे, की लेखावाल्यांकडे?"

"आधी लेखा."

या वेळी लेखा शाखेला हरकत सापडली नाही. साहेबांनी फाइल दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी एकच शब्द आला : मंजूर. पुढे काही नाही, विशेष बाब नाही की अट नाही. मृणालिनीने लगेच खरेदीचा आदेश काढला.

ईशानीच्या जावक विभागात बदलीचा कागद त्याआधीच्या सोमवारी टाइप झाला होता. सही तेवढी राहिली होती; आता ती लागणार नव्हती.