तेराशे बहात्तरचा फरक

ऑफिसात मला दशांश म्हणतात. दोनशे माणसांचे पगार मी काढतो आणि पैशाचीही चूक होऊ देत नाही. या नावाचा मला फार अभिमान होता, म्हणूनच पुढचं सांगायला जास्त लाज वाटते.

रविवारी सकाळी बायकोने कापड बेतायचं टेबल रिकामं केलं आणि मधोमध एक कागद ठेवला. ती कपडे शिवते. शाळेच्या गणवेशांचं जादा काम घेऊन तिने महिन्याला नऊ हजार बाजूला टाकायचं ठरवलं होतं. हे पैसे कुठल्या कर्जावर आधी घालायचे, एवढंच ठरवायचं होतं.

कागदावर माझ्याच अक्षरात तीन ओळी होत्या. क्रेडिट कार्ड, नव्वद हजार, वर्षाला छत्तीस टक्के. तिच्या ओव्हरलॉक मशीनचं वैयक्तिक कर्ज, अठरा हजार, चौदा टक्के. घरदुरुस्तीचं वैयक्तिक कर्ज, एक लाख साठ हजार, बारा टक्के. कार्डावर महिन्याला पाच हजार आणि मशीनवर दोन हजार जातच होते, घरदुरुस्तीचा हप्ता वेगळा.

ती म्हणाली, आधी मशीनचं संपवू. सगळ्यात लहान आहे, दोन महिन्यांत फिटेल, मग त्याचे दोन हजारही कार्डावर घालू. "एक तरी ओळ खोडलेली बघायची आहे मला," ती म्हणाली.

मला चेव चढला. मी कॅल्क्युलेटर काढला आणि तिला महिन्यामहिन्याचं गणित करून दाखवलं. ज्याचं व्याज जास्त ते आधी, म्हणजे नऊ हजार थेट कार्डावर. दोन्ही रस्त्यांनी कार्ड आणि मशीन आठव्या महिन्यातच संपत होती, पण तिच्या रस्त्याने तेराशे बहात्तर जास्त जात होते. मी तो आकडा दोनदा अधोरेखित केला. वर हेही ऐकवलं की समाधानासाठी पैसे मोजणं हा श्रीमंतांचा शौक आहे. तिने तो आकडा वाचला आणि बोटाला टोचलेली सुई बघावी तसं माझ्याकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "तेराशे बहात्तर म्हणजे माझे चार गणवेश. तुमचंच बरोबर. ज्याचं व्याज सगळ्यात जास्त, ते आधी."

मग तिने ड्रॉवरमधून पाकीट काढलं. पहिले नऊ हजार होते त्यात, बरेचसे सुटे. ते माझ्यापुढे सरकवून तिने अगदी सरळ विचारलं, "म्हणजे छत्तीसवालं ना? त्याच्याहून जास्त व्याजाचं काही नाही ना?"

त्याच्याहून जास्त व्याजाचं होतं. बेचाळीस टक्क्यांचं दुसरं कार्ड माझ्या ऑफिसच्या डब्याच्या पिशवीत होतं, चाळीस हजारांचं. गेल्या वर्षी पहिल्या कार्डाची किमान रक्कम भरायला पैसे कमी पडले, म्हणून त्या कार्डावर रोख उचलली. मग पुन्हा उचलली. ही तात्पुरती सोय आहे, कर्ज नव्हे, असं मी स्वतःला समजावत होतो. दुसऱ्या कुणी अशी नोंद लपवली असती तर मी त्याला चारचौघांत सोलून काढलं असतं. आठ महिन्यांपूर्वी तिने विचारलं होतं, अजून काही आहे का? मी नाही म्हणालो होतो.

तिचा रस्ता धरला असता तर पैसे मशीनवर गेले असते आणि मी आणखी दोन महिने तरी गप्प राहू शकलो असतो. माझ्याच नियमाने मला कोंडीत धरलं. आता पाकीट उचललं तर दर महिन्याला तिच्या डोळ्यांदेखत चुकीच्या कर्जावर पैसे घालायचे, आणि वर शहाणपण मिरवायचं. मी पाकिटाला हात लावला नाही.

"आहे," मी म्हणालो. "बेचाळीस टक्के. चाळीस हजार."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कशासाठी घेतलं, एवढंच तिने विचारलं, आणि मी सांगितलं. कार्डाने कार्ड भरलं हे ऐकून तिला समजायला जरा वेळ लागला.

"आणि तेराशे बहात्तरसाठी मला अर्धा तास शिकवत होतात," ती म्हणाली.

टेबलावर तिच्या खडूच्या निळ्या रेघा होत्या आणि मला त्या एकेक मोजाव्याशा वाटत होत्या.

तिने कोरा कागद घेतला आणि यादी स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली. बेचाळीस वर, मग छत्तीस, चौदा, बारा. "नियम तुमचाच ठेवते, तो बरोबर आहे," ती म्हणाली. "पैसे मात्र मी भरणार." मी पिशवीतून कार्ड आणून दिलं. तिने कात्रीने त्याचे दोन तुकडे केले, कापड कापायच्या कात्रीने, ज्या कात्रीने ती घरात कुणाला साधा कागदही कापू देत नाही.

मग तिने आठ महिन्यांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारला. "अजून काही आहे का?"

"नाही," मी म्हणालो, आणि या वेळी ते खरं होतं.

तिने मान डोलावली आणि यादी भिंतीवर टाचली. बारा टक्क्यांच्या खाली तिने दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या.