खासगी खोक्याची मुदत

इंग्रजी आठच्या डाव्या अंगाचे दोन-चार ठिपके उडाले की त्याचा तीन होतो. पाकिटावर तारीख छापणारं यंत्र आकडा ओढत नाही, शाईचे बारीक ठिपके मारत जातं. त्यात पाकिटाचा कागद चकचकीत असेल आणि त्यावर दिव्याची तिरीप आली, तर नेमके डावीकडचे ठिपके उजेडात बुडून जातात. हे फोटोत घडतं, पाकिटावर नाही. म्हणून फोन डोळ्यांजवळ नेत, लांब धरत, बोटांनी मोठा करत ती बराच वेळ त्या एका आकड्याकडे पाहत बसली होती. महिना तिसरा की आठवा?

दुकान जहाजांना शिधा पुरवायचं. माल मात्र दुकानात नसे, तो खाडीपलीकडच्या ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात असे. ज्या जहाजाचा माल, त्याचा आचारी गोदामात जाऊन खोके निवडायचा आणि प्रत्येक खोक्यातल्या एका पाकिटाचे फोटो तिच्या फोनवर पाठवायचा. तिने ‘हो’ लिहिलं तरच खोका गाडीत चढे. नियम साधा होता. जहाज सुटेल त्या दिवशी मालाची मुदत सफरीइतकी आणि वर आणखी एक महिना उरलेली हवी. आजच्या जहाजाची सफर सहा महिन्यांची, म्हणजे निदान सात महिने हवेत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन दुकानात आलेल्या या बाईला सगळे ‘तारीखबाई’ म्हणत. आजच्या जहाजाचा आचारीही म्हणे, पण फक्त भांडण झालं की. एरवी तो ‘अगं’ म्हणे, कारण तो तिचा नवरा होता.

“काय गं, डोळे फोडून घेणार आहेस का?” समोर दोरा गुंडाळत बसलेल्या मावशींनी विचारलं. मावशी दुकानात माल बांधायच्या आणि मधल्या वेळात सगळ्यांच्या संसारात लक्ष घालायच्या. “नवऱ्याचा फोटो आहे का?”

“बिस्किटांचा आहे.”

“मग एवढं काय बघायचं त्यात? नवऱ्याकडे कधी इतकी बघत नाहीस.”

“नवऱ्यावर तारीख छापलेली नसते, मावशी.”

मावशी खुदकन हसल्या आणि दोरा हातातून सुटला.

सकाळपासून पीठ, डाळी, दुधाची भुकटी, डबाबंद टोमॅटो, सगळ्यांचे फोटो आले होते आणि सगळे पास झाले होते. आचारी फोटो नीट काढायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो पाकिटाची फक्त दर्शनी बाजू पाठवी, हसऱ्या बिस्किटाची. तेव्हा तिने सांगितलं होतं, “मला बिस्किटाचा पासपोर्ट फोटो नको, जन्मतारीख हवी. आणि आयुष्य किती ते मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही हवं.” तेव्हापासून दोन फोटो येत. एकात दुमडलेल्या कडेवरची बनवल्याची तारीख आणि बॅच नंबर, दुसऱ्यात मागची ओळ. एकट्या तारखेला अर्थ नसतो आणि एकट्या ओळीलाही नसतो. दोन्ही जोडल्या तरच उत्तर निघतं.

नंतर त्याने हा नियम तिच्यापेक्षाही कडक पाळला. एकदा चार दिवस कमी पडतात म्हणून त्याने अख्खा खोका परत पाठवला, तेव्हा व्यापारी म्हणाला होता, “तुमच्या घरात चूल पेटते की पंचांग उघडतं?”

शेवटी यायचा तो खासगी खोका. जहाजावरची बिस्किटं त्याला घशाखाली उतरत नसत, म्हणून दर सफरीला तो स्वतःच्या पेटीसाठी ओटच्या बिस्किटांचा एक खोका वेगळा घेई. तोही तिच्याकडूनच पास व्हायचा. आज तो फोटो आला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘माझा खोका. घेतो.’

मागची ओळ स्वच्छ होती: बनवल्यापासून नऊ महिन्यांच्या आत खावे. कडेवरची तारीख बारा. महिना आठवा असेल तर माल पुढच्या मे महिन्याच्या बारा तारखेपर्यंत चांगला. आता सप्टेंबर संपत आला होता, म्हणजे साडेसात महिने हातात, सात हवेत तिथे सुखाने पास. पण महिना तिसरा असेल, तर मुदत डिसेंबरच्या बारालाच संपत होती. अडीच महिने. जहाज तेव्हा भर समुद्रात असणार.

आठच असणार, ती मनाशी म्हणाली. हा माणूस चार दिवसांसाठी खोका परत पाठवतो. पण मनाशी म्हणून आकडा बदलत नाही, हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं. तिने फोन लावला.

“अहो, फोटोवर दिवा चमकतोय. पाकीट जरा तिरकं धरून परत काढा.”

“वाचता येत नाही तुला?”

“मला येतं. तुमच्या फोटोला बोलता येत नाही.”

“बरं बाई, काढतो.” तो हसल्यासारखा वाटला. मागे कुणीतरी हातगाडी ढकलत होतं.

दुसरा फोटो आला. तिरप्या उजेडात प्रत्येक ठिपका उभा राहिला होता. तीन. डावीकडे काही बुडालेलं नव्हतं, कारण तिथे काही नव्हतंच. तरी तिने बॅच नंबर पाहिला. या कारखान्याच्या बॅच नंबरचे पहिले तीन आकडे माल वर्षाच्या कितव्या दिवशी बनला ते सांगत. शून्य सात एक. एकाहत्तरावा दिवस, म्हणजे बारा मार्च. ऑगस्ट असता तर तिथे दोनशेच्या पुढचा आकडा असता. दोन साक्षीदार एकच सांगत होते.

तिने लिहिलं, ‘नापास. बारा डिसेंबरला मुदत संपते.’

लगेच उत्तर आलं, ‘माहीत आहे. घेतो.’

ती ते तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग तिने फोन पालथा ठेवला.

बंदरावरच्या कामगारांच्या उपाहारगृहाला आचारी हवा होता, आणि तिथले व्यवस्थापक तीन वर्षं याच्याच मागे होते. दर वेळी हा म्हणे, “एवढी खेप करतो, मग बघू.” त्या ‘बघू’ला आता दाढी-मिशा फुटल्या असतील, असं मावशी म्हणायच्या. ती स्वतः काहीच म्हणत नसे. पूर्वी एकदा तिने ‘थांबा ना’ म्हटलं होतं आणि तो थांबला होता. मग दोन महिने तो खिडकीशी उभा राहून जहाजांचे भोंगे ऐकत असे. ऐकून झालं की भाजीत मीठ जास्त पडे. शेवटी तिनेच त्याची पेटी भरून दिली. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, आपण विचारायचं नाही. आपल्या सांगण्यावरून थांबलेला माणूस घरात असून नसल्यासारखा असतो. त्याने आपण होऊन म्हटलं, तरच.

आज पाचच्या आत त्याने कप्तानाला नव्या सफरीचा होकार द्यायचा होता. आणि घड्याळात चार वाजून गेले होते.

“चेहरा का पडला?” मावशींनी विचारलं.

“एक खोका नापास झालाय.”

“खोक्यासाठी कुणी असं बसतं का? मी तर नवरा नापास झाला तेव्हाही चहा करून प्यायले होते.”

फोन वाजला. तोच होता.

“का अडवून ठेवलंय माझं बिस्किट?”

“मुदत कमी आहे.”

“अगं, मुदत संपली म्हणून विष होतं का त्याचं? नुसतं मऊ पडेल. बनवणारा तोपर्यंत चवीची हमी देतो, एवढंच.”

“हे मला शिकवताय?” ती म्हणाली. “मऊ बिस्किट दिलं म्हणून तुम्हीच मागच्या वर्षी जहाजावरच्या मदतनिसाला तासभर सुनावलं होतं. तोच सांगत होता.”

“तो फार बोलतो. पण स्वयंपाक आता बरा करायला लागलाय. एकट्याला सोडलं तरी चालेल.”

“कुठे सोडणार?”

पलीकडे वारा घोंगावला. तो खाकरला.

“अडीच महिने पुरतात गं एका खोक्याला,” तो म्हणाला. “रोज दोघांनी खाल्ली तर त्याच्याही आत संपतील.”

“दोघं कोण? तुम्ही आणि कप्तान?”

“कप्तानाला ओटची आवडत नाहीत.”

मावशींनी दोरा गुंडाळणं केव्हाच थांबवलं होतं. तिने त्यांच्याकडे पाठ केली, पण कान लपवता येत नाहीत, ते लाल झालेच.

“हे बघा,” ती अगदी कार्यालयीन आवाजात म्हणाली, “मुदत कमी असलेला माल पास करायचा असेल तर कारण सांगावं लागतं. दुकानाचा नियम आहे.”

“असा नियम कधी झाला?”

“आत्ता.”

“अगं, तुला कळलंय ना? मग?”

“मला अंदाज आलाय. अंदाजावर मी एक बिस्किटही पास करत नाही. अक्षर नीट दिसत नसेल तर फोटो परत मागवते, तुम्हाला माहीत आहे.”

“छळते आहेस.”

“तपासते आहे.”

फोन तसाच चालू राहिला, त्यातून वारा, खाडीतल्या होडीची फटफट आणि जवळ येणारी पावलं ऐकू येत राहिली. नंतर लक्षात आलं, पावलं फोनमधून येत नव्हती. दारात आचारी उभा होता, खांद्यावर बिस्किटांचा खोका, कानाशी फोन. म्हणजे तो गोदामातून केव्हाच निघाला होता. पास व्हायची वाट न बघता खोका उचलून आणला होता, आयुष्यात पहिल्यांदा.

“बिनपास माल दुकानात आणलात?” ती म्हणाली. हे तिने फोनमध्येच म्हटलं, समोर तो असताना.

“फोन ठेवा आता दोघंही,” मावशी म्हणाल्या. “समोरासमोर उभे राहून फुकट बिल वाढवताय.”

त्याने खोका तिच्या मेजावर ठेवला, कडेवरची तारीख तिच्या बाजूला करून. कपाळावर घाम होता. दाराबाहेर कप्तानाचा माणूस होकारासाठी ताटकळत उभा होता आणि त्याच्या मागे जहाजाचा मदतनीस, हातात आचाऱ्याची नवीकोरी पांढरी टोपी घेऊन. तिला एकदम त्याच्या पेटीतला उन्हात वाळवलेला सदरा आठवला, जो तिने आज सकाळीच नेहमीसारखा घडी घालून ठेवला होता. तो बाहेर काढावा लागणार की नाही, हे तिला अजूनही माहीत नव्हतं. आकडा ठिपक्यांवरून कळतो आणि माणूस समोर असूनही कळत नाही, असं असतं कधी कधी.

तिने लेखणी उचलली. “कारण?”

तो मावशींकडे बघून हसला, मग त्याने दाराकडे वळून बघितलं, मग तिच्याकडे. भोंगा वाजला. तो खिडकीकडे वळला नाही.

“कारण लिही,” तो म्हणाला, आणि आवाज इतका मोठा लागला की बाहेरच्या दोघांनीही मान वळवली, “मी या खेपेला जात नाही. पुढच्याही नाही. उद्यापासून उपाहारगृहात आहे.”