गहू भिजत घालण्याआधी

उकडून निर्जंतुक केलेल्या गव्हात धिंगरी अळिंबीची बुरशी सोडली, की पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही. तिसऱ्या दिवशी एखाद्या दाण्याच्या कडेला पांढरा धागा येतो, केसाहून बारीक. पंधरा-वीस दिवसांत अख्खी पिशवी पांढरी होते. हेच अळिंबीचं बियाणं. तयार झालं की ते फार थांबत नाही. थंड ठेवलं तरी महिन्याभरानं पिवळं पाणी सोडू लागतं.

मागच्या जानेवारीत माझ्या पन्नास किलोंनी ते सोडलं. मागवणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं होतं. त्या पिशव्या मी स्वतः खताच्या खड्ड्यात रिकाम्या केल्या.

गोंदियात भाड्याच्या दोन खोल्यांत माझी प्रयोगशाळा आहे. यंदा हातात एकाच खेपेपुरता पैसा उरला होता. ती खेप वाया गेली तर खोल्या सोडायच्या, हे घरी ठरलं होतं. जानेवारीतच मी मनाशी म्हटलं होतं, यापुढे निम्मे पैसे आधी, मग काम. आता नोव्हेंबर लागला होता आणि ते वाक्य एकाही गिऱ्हाइकापुढे तोंडातून निघालं नव्हतं.

त्या सकाळी सालेकशाकडून दोघी आल्या. प्रेमिलाताई बचत गटाच्या अध्यक्ष, धुरपतामावशी सचिव. गट पहिल्यांदाच अळिंबी लावणार होता. मावशींनी आल्या आल्या उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

"आमच्या तळ्यातले आहेत. खा, मॅडम. वाळून गेल्या तुमी."

शिंगाडा सोलता सोलता पैशांचं बोलणं मला जमेना. मी दर सांगितला, एकशेवीस रुपये किलो. तीस किलोंचे छत्तीसशे. प्रेमिलाताईंनी मान हलवली.

"मंग सुरू कवा करान?"

"उद्या गहू भिजत घालते," मी म्हणाले. लगेच स्वतःचा राग आला.

"अन् बयाना?" मावशींनी विचारलं.

"राहू द्या हो. ओळखीतल्याच तुम्ही."

"ओळख? ते तं आता दहा वाजता झाली!" मावशी खळखळून हसल्या. प्रेमिलाताई हसल्या नाहीत.

"मॅडम, खरं सांगा. काऊन नाई घेऊन राहिल्या बयाना?"

"तुमच्यावर विश्वास नाही, असं तुम्हाला वाटू नये म्हणून."

"उलटंच वाटून राहिलं आमाले." त्या पुढे सरकल्या. "पोरीच्या लग्नात बँडवाला म्हणे, घरचंच काम आहे, बयाना कायले. लग्नाच्या दिवशी आमगावले मोठी वरात भेटली त्याले. गेला तिकडं! त्याले कोण बोलन? आमचा एक रुपया नोता त्याच्याकडं."

"वरात डब्बा वाजवत आणली मंग," मावशी म्हणाल्या.

"बारा बायांनी अळिंबीसाठी धानाचं तणस जमवलं, शेड बांधला. उद्या तुमाले पाचशे किलोवाला भेटला अन् आमचं बाजूले ठेवलं, तं मी त्याइले काय सांगू?"

दहा महिने मी या व्यवहाराची माझीच बाजू तपासत होते. समोरच्यालाही माझी खात्री हवी असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

प्रेमिलाताईंनी कमरेच्या बटव्यातून पाचशेची नोट काढली. "आज एवढेच आहेत. गटाचा पैसा ब्यांकेत. गुरुवारी बैठक, ठराव झाला की आमा दोघींच्या सहीनं निघते. बाकी मंग देऊ. तुमी उद्या गहू टाका."

नोट टेबलावर राहिली. पाचशेत गव्हाचे पैसेही निघत नव्हते. पिशव्या आणि गॅस वेगळेच. उद्या सुरू करायचं तर उरलेलं सगळं माझ्या खिशातून जाणार होतं, पुन्हा. हो म्हणणं सोपं होतं. दोघी भल्या होत्या. मागच्या जानेवारीतला तोही भलाच वाटला होता.

मी कोरा कागद पुढे ओढला. त्यावर गटाचं नाव, तीस किलो आणि दर लिहिला. खाली लिहिलं: पिशवीत हिरवी बुरशी दिसली तर पिशवी बदलून देईन, ठरल्या तारखेला बियाणं दिलं नाही तर बयाना परत. सही केली आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

प्रेमिलाताईंनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. "तारीख कोरीच हाये," त्या म्हणाल्या आणि मावशींकडून पेन घेतलं. "सांगा, लिवतो."

"तारीख शुक्रवारी भरू," मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "ही नोट आत्ता तुमच्याकडेच ठेवा, ताई. गुरुवारी ठराव करा, शुक्रवारी अठराशे द्या. ज्या दिवशी द्याल, त्याच दिवशी गहू भिजत घालीन आणि तिथून एकविसाव्या दिवशी बियाणं तुमच्या हातात. पण निम्मे आल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. कुणाचंच."