जमेच्या बाजूचा हत्ती

धारूरच्या डोंगरकडेला आप्पाराव जहागीरदारांची पाच गावं होती, आणि त्या पाच गावांना पुरून उरेल असा एक हत्ती. निजाम सरकारचा सुभेदार कधीतरी येईल, त्याला अंबारीत बसवून मिरवू, म्हणून आप्पारावांनी तो हैदराबादेहून आणला. सुभेदार काही आला नाही. हत्ती मात्र रोज जेवायला यायचा. त्याने एक ढेकर दिला की एका गावाचा शेतसारा फस्त, असं लोक हसून म्हणायचे. फडावर, म्हणजे जहागिरीच्या कचेरीत, हिशेब लिहिणाऱ्या गहिनीनाथला त्या हसण्यात सामील होता येत नव्हतं. ढेकराचा नेमका आकडा त्याला ठाऊक होता.

त्या साली जहागिरीचं उत्पन्न नऊ हजार हाली, म्हणजे निजामी रुपये झालं. शिपाई, शाळा, कचेरी आणि हत्ती मिळून खर्च बारा हजार. तीन हजारांचं भगदाड.

"पेव विकून टाक," आप्पाराव म्हणाले. "लढाईमुळं ज्वारीला भाव हाय."

पेव म्हणजे गढीमागे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. दरसाल थोडी थोडी ज्वारी टाकून वीस वर्षांत ते भरलं होतं. पाऊस बुडाला तर त्यातून घरटी एक पाटी दाणे वाटायचे, असा रिवाज होता.

गहिनीनाथ चाचरत बोलला, "सरकार, हत्ती विका. तरी कमी पडंल, तर गेवराईच्या सावकाराकडून कर्ज घेऊन फुटका तलाव बांधा. पाणी थांबलं तर सारा वाढंल, त्यातूनच कर्ज फिटंल. पेव विकून हत्तीला घातलं, तर मागं काय राहतं? लीद."

"जिभेला लई धार आलीय तुझ्या! कर्ज काढलं तर जहागीर बुडाली म्हणतील बे. दाणा आपला, पैसा आपला. लिही जमेला."

"ही यंदाची कमाई न्हाई, सरकार. गंगाजळी मोडली म्हणून येगळी लिहितो."

"आलेला पैसा जमेला न्हाई, तर काय माझ्या पगडीवर लिहिणार?"

वहीत तशी दोनच पानं असायची, जमा आणि खर्च. आला तो जमा. गहिनीनाथने नऊ हजारांखाली तीन हजार लिहिले. बेरीज झाली बारा, आणि भगदाड दिसेनासं झालं. ज्वारीच्या गाड्या गुपचूप चौसाळ्याच्या बाजाराकडे गेल्या.

पाडव्याला रिवाजाप्रमाणे त्याने चावडीवर वही वाचली. "जमा बारा हजार, खर्च बारा हजार. बराबर!" लोकांनी माना डोलावल्या. आप्पारावांचा तर स्वतःच्याच वहीवर इतका विश्वास बसला, की पुढच्या सालीही बारा हजार येणारच असं धरून त्यांनी चार शिपाई वाढवले.

पुढच्या साली पाऊस आला नाही. सारा तीन हजारांवर आला. आता विकायला दाणा नव्हता, आणि तशा जहागिरीला सावकार दारात उभं करेना. मग भगदाड बुजवायला पुढच्या सालचा सारा आत्ताच वसूल करण्याचा हुकूम निघाला. शिपायांनी बैल सोडून नेले.

पाच गावांपैकी रोहिणी गावचे लोक दिवाळीआधीच गंगाकाठी, म्हणजे गोदावरीकडे, निघून गेले. गहिनीनाथची थोरली बहीण भिवराबाई मागे राहिली. पौषात ती पाटी घेऊन गढीमागे आली, काखेला तापाने फणफणलेली नात. मागे दहा-वीस बाया.

"गैन्या, उघड की पेव."

"आक्का, तू गेली कावून न्हाईस लोकांसंगं?"

"कावून जाऊ? तूच वाचलं न्हवं चावडीवर, बराबर हाय म्हणून? म्हटलं, भावानं वाचलंय. पेव हाय."

बायांनीच पेवाच्या तोंडावरची शिळा सरकवली. भरल्या पेवात कोंदट हवा असते, म्हणून आधी दिवा सोडतात. तो विझला की समजायचं दाणा आहे, आणि दम धरायचा. भिवराबाईने दोरीला दिवा बांधला आणि सोडला.

दिवा विझला नाही. एक पुरुषभर खोल गेला, दोन पुरुष खोल गेला. ज्योत ताठ. शेवटी तळाला टेकला आणि सारं पेव लख्ख उजळलं. कोपऱ्यात एक मुंगी चाललेली, तीसुद्धा वरून दिसली.

"लई उजेड हाय रे आत," भिवराबाई म्हणाली.

तिने रिकामी पाटी डोक्यावर उलटी घातली, नातीवर पदर ओढला आणि गंगेकडची वाट धरली. नात गेवराईच्या अलीकडेच दगावली, एवढंच कळलं. भिवराबाईचं पुढे काय झालं, हे सांगायला कुणी परत आलं नाही.

हत्तीही त्याच महिन्यात उपाशी मेला. त्याला पुरायचा खर्च लिहायला गहिनीनाथने वही उघडली, पण बोरू मागल्या पानावर गेला. त्या तीन हजारांवर काट मारून त्याने शेजारी लिहिलं, 'ही जमा नव्हे. आक्काची पाटी.'

पाडव्याला त्याने तेवढंच वाचलं. ऐकायला चावडीवर आप्पाराव होते आणि चार शिपाई.